फ्रीझर -३९ वर, डिस्प्ले +२४ वर: हातचा आला म्हणजे ओव्हरफ्लो झाला का?

काजवा
नमस्कार मंडळी. रत्नागिरीतल्या एका मासळीच्या युनिटमध्ये ब्लास्ट फ्रीझरला तापमान दाखवणारा छोटा बोर्ड लावलाय. आठ बिटांचा एव्हीआर कंट्रोलर, सेन्सर DS18B20. पूर्ण अंशातली चार रीडिंग घ्यायची आणि सरासरी दाखवायची, एवढंच त्याचं काम. कोळंबी आत गेली, फ्रीझर खाली उतरू लागला की -३२ पर्यंत सगळं सुरळीत. मग एकदम ३१! आणखी थंड झालं की हळूहळू २४ वर येतो. अलार्म कोकलतो तो वेगळाच.

```c
int8_t sum = 0;
for (uint8_t i = 0; i < 4; i++)
    sum += t[i];
int8_t avg = sum / 4;
```

कालची चार रीडिंग होती -३८, -३९, -४०, -४१. बेरीज -१५८. आठ बिटांत -१२८ ते १२७ एवढंच मावतं, त्यामुळे गडबड कुठे आहे ते कळलं. म्हणून बेरजेत आठ बिटांच्या बाहेर हातचा गेला की ‘चूक’ दाखवायचं असं केलं. तर आता -१८ वरसुद्धा चूकच येतंय. `sum` ला `int16_t` केलं की सुटेल हे माहीत आहे, ते उत्तर नकोय. हातचा बाहेर गेला तरी उत्तर बरोबर कसं, आणि मग ओव्हरफ्लो ओळखायचा कशावरून, ते समजून घ्यायचंय.

कुडाळचो_बाबल
माका वाटलां पाण्याच्या टाकयेचो विषय आसा. आमच्याकडे ओव्हरफ्लो म्हणजे कोणीतरी मोटर बंद करूक इसारलो.

हर्णै_बंदर
सोपं आहे. हातचा विसर, सर्वांत डावीकडचा साइन बिट बघ. बेरीज केल्यावर सही, म्हणजे धन-ऋण चिन्ह, बदलली की ओव्हरफ्लो. -११७ होते त्याचे +९८ झाले, म्हणजे झाला. एका ओळीचं उत्तर आहे, धागा लांबवायची गरज नाही.

सुरंगी
हर्णै, घाई झाली. ५ मध्ये -१० मिळवले की -५ येतात. सही बदलली, पण उत्तर बरोबर आहे. तुमचा नियम तिथे उगाच बोंब मारेल.

काजवा, तुमचीच रीडिंग कागदावर मांडू. आधी -३८ कसा लिहिला जातो ते. ३८ म्हणजे 0010 0110. सगळे बिट उलटे केले की 1101 1001, त्यात १ मिळवला की 1101 1010. हाच आकडा बिनसहीचा म्हणून वाचला तर २१८, म्हणजे २५६ वजा ३८. सगळी मेख इथे आहे: ऋण आकडा २५६ मध्ये मिळवून साठवला जातो. म्हणून दोन ऋण आकड्यांच्या बेरजेत २५६ दोनदा शिरतात. त्यातले एक उत्तराला लागतात, कारण उत्तरही ऋणच आहे. उरलेले २५६ बाहेर पडतात, तोच तुमचा हातचा. तो बाहेर जायलाच हवा, नाही गेला तर उत्तर चुकेल.

आता पहिली बेरीज आणि शेवटची बेरीज शेजारी ठेवा:

```
    1101 1010    -38
  + 1101 1001    -39
  1 1011 0011    -77

    1000 1011   -117
  + 1101 0111    -41
  1 0110 0010    +98
```

मधली -७७ आणि -४० यांची बेरीज 1 1000 1011 येते, म्हणजे -११७, बरोबर. तिन्ही वेळा हातचा १ बाहेर गेला, आणि तिन्हींतली एकच बेरीज चुकली. एवढ्यावरूनच कळतं की बाहेर गेलेला हातचा एकटा काही सांगू शकत नाही.

फरक साइन बिटाच्या रकान्यात काय शिरलं त्यात आहे. पहिल्या बेरजेत त्याच्या उजवीकडच्या रकान्यात १ आणि १ आहेत, तिथून हातचा १ आला. साइनच्या रकान्यात १, १ आणि हा १ मिळून तीन झाले: खाली १ उरला, १ बाहेर गेला. शेवटच्या बेरजेत उजवीकडच्या रकान्यात ० आणि १ आहेत, त्याच्याही उजवीकडून काही आलं नाही, म्हणून आत शिरलेला हातचा ०. साइनच्या रकान्यात १ आणि १ मिळून दोन: खाली ०, बाहेर १. दोन ऋण मिळवले आणि उत्तर धन आलं.

नियम असा: साइनच्या रकान्यात शिरलेला हातचा आणि तिथून बाहेर गेलेला हातचा सारखे असतील तर ठीक, वेगळे असतील तर ओव्हरफ्लो.

काजवा
ताई, ते ‘तिन्ही वेळा हातचा १’ बघितल्यावर डोक्यात लख्ख पडलं. पण दोन हातचे वेगळे असण्याचा आणि उत्तर चुकण्याचा संबंध नेहमीच लागतो का? की या आकड्यांपुरता जुळला?

सुरंगी
नेहमीच. साइनच्या रकान्यात तीनच गोष्टी असतात: दोन साइन बिट आणि आत आलेला हातचा. दोन्ही साइन १ असतील तर बाहेर १ जाणारच, आत काहीही येवो. आणि खाली उरणारा बिट म्हणजे आत आलेला हातचाच. तो ० असेल तर उत्तराची सही ०, म्हणजे चूक. दोन्ही साइन ० असतील तर बाहेर कधीच काही जात नाही, खाली पुन्हा आत आलेलाच उरतो. तो १ असेल तर दोन धन मिळून ऋण, म्हणजे चूक. एक साइन ० आणि एक १ असेल, तर जे आत येतं तेच बाहेर जातं. दोन्ही हातचे सारखेच राहतात, आणि तिथे ओव्हरफ्लो होऊच शकत नाही: एक धन आणि एक ऋण यांची बेरीज त्या दोघांच्या मध्येच कुठेतरी पडते.

हर्णैचा नियम अर्धा बरोबर आहे. दोन्ही आकड्यांची सही सारखी असायला हवी, आणि उत्तराची त्या दोघांहून वेगळी.

हर्णै_बंदर
मान्य. ‘दोन्ही’ हा शब्द खाल्ला.

मुरुडचा_रहाट
आमच्या सुपारीच्या वाडीत रहाट असतो तसा डोळ्यांसमोर आणा. माळेवर २५६ लोटे, ० पासून २५५ पर्यंत नंबर. बैल एकाच दिशेला फिरतो, म्हणून ४१ लोटे मागे जायचं तर २१५ पुढे जायचं, पोचतो तिथेच. टूज कॉम्प्लिमेंट म्हणजे एवढंच. आता माळेला दोन सांधे आहेत. एक २५५ आणि ० मध्ये, तो ओलांडला की हातचा. दुसरा १२७ आणि १२८ मध्ये, म्हणजे १२७ आणि -१२८ मध्ये. तो ओलांडला की ओव्हरफ्लो.

खाडीपलीकडे
रहाट झकास, पण बैलाची दिशा तपासा. ५ वरून -१० म्हणजे २४६ लोटे पुढे. वाटेत १२७-१२८ चा सांधा ओलांडलाच, थांबलो २५१ वर, म्हणजे -५. ओव्हरफ्लो नाही. उलट काजवाचं शेवटचं पाऊल बघा: १३९ वरून २१५ पुढे. २५५ चा सांधा ओलांडून ९८ वर थांबतो, १२७-१२८ च्या सांध्याला पोचतच नाही. आणि तिथे मात्र ओव्हरफ्लो आहे.

मुरुडचा_रहाट
अरेच्चा. मग माळ फेकायची का?

खाडीपलीकडे
माळ नको, बैल फेका. हातचा मोजताना तो पुढेच फिरू द्या. ओव्हरफ्लो मोजताना मात्र सही पाळायची: -४१ म्हणजे खरोखर ४१ मागे. -११७ वरून ११ मागे गेलं की -१२८, बारावं पाऊल थेट १२७ वर, उरलेली २९ पावलं मागे जाऊन ९८. सांधा ओलांडला. ५ वरून १० मागे गेलो तर तो सांधा लागतच नाही. लोटे तेच आणि थांबायची जागाही तीच, फक्त वाट कुठून मोजता यावर हातचा की ओव्हरफ्लो ते ठरतं.

कुडाळचो_बाबल
बैल मागे चलतलो? माझ्यासमोर चालवन दाखव.

देवगड_डिप्लोमा
माझा प्रश्न जरा वेगळा आहे. परीक्षेला ८०८५ आहे. त्यात साइन, झीरो, ऑक्झिलरी कॅरी, पॅरिटी, कॅरी एवढेच फ्लॅग दिलेत. ओव्हरफ्लोचा फ्लॅग कुठे शोधायचा? पॅरिटीच असतो का तो?

सुरंगी
८०८५ च्या अधिकृत फ्लॅगमध्ये तो नाहीच. पॅरिटी म्हणजे उत्तरातले १ सम आहेत की विषम, याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमचा गोंधळ बहुधा झेड८० मुळे झालाय. तिथे एकच फ्लॅग आठ बिटांच्या बेरीज-वजाबाकीनंतर ओव्हरफ्लो सांगतो आणि अँड-ऑरसारख्या क्रियांनंतर पॅरिटी. ८०८५ मध्ये सह्यांची तुलना आपणच करायची. `A` आणि `B` मध्ये आकडे आहेत असं धरा:

```
MOV C, A
ADD B
MOV D, A
XRA C
MOV E, A
MOV A, D
XRA B
ANA E
JM  OVER
```

बेरीज `D` मध्ये राहते. उत्तराची सही पहिल्या आकड्याहून वेगळी असेल तर पहिल्या `XRA` नंतर वरचा बिट १ येतो. दुसऱ्याहून वेगळी असेल तर दुसऱ्या `XRA` नंतर. `ANA` मध्ये दोन्ही १ असतील तरच वरचा बिट १ राहतो, आणि `JM` तोच बघतो.

चिरेबंदी
८०५१ वर हे सगळं लागत नाही, `ADD` नंतर `JB OV, CHUK` लिहिलं की झालं. काजवाच्या एव्हीआरमध्येही `V` फ्लॅग आहे, असेंब्लीत `BRVS`. पण सी मधून तो फ्लॅग सरळ वाचता येत नाही, त्यामुळे सुरंगीताईंचीच युक्ती वापरावी लागते. `a`, `b`, `r` तिन्ही `uint8_t` ठेवायचे:

```c
r = a + b;
if ((a ^ r) & (b ^ r) & 0x80)
    chuk = 1;
```

काजवा, एक गंमत करून बघा. सेन्सर फ्रीझरमधून बाहेर काढून टेबलावर ठेवा, जुन्या कोडसकट. खोलीत ३३ अंश असतील तर डिस्प्ले -३१ दाखवेल.

काजवा
ठेवला. -३१! कसं ओळखलंत?

चिरेबंदी
३३ चोक १३२. १२७ च्या पलीकडे गेले, २५६ वजा केले की -१२४, भागिले ४, -३१. इथे एकाही बेरजेत हातचा बाहेर गेलेला नाही, तरी ओव्हरफ्लो आहे. तुमची तपासणी फ्रीझरमध्ये बरोबर उत्तराला चूक म्हणते आणि टेबलावर चुकीच्या उत्तराला गप्प बसते. -१८ च्या साठवणीच्या खोलीत हा बोर्ड वर्षानुवर्षं नीट चालला असता, कारण -७२ आरामात मावतात. चार रीडिंगची बेरीज -१२८ च्या खाली गेली तरच बिंग फुटतं, म्हणून तुमची -३२ ची पायरी.

दापोली_दिवा
आता वजाबाकीचं बघा, तिथे जास्त लोक पडतात. ‘वजा करायचा आकडा ऋण करून घ्या आणि बेरजेचा नियम लावा’ असं सर्रास लिहितात. -१२८ आला की हे फसतं. -१२८ चे बिट 1000 0000. उलटे केले की 0111 1111, १ मिळवला की पुन्हा 1000 0000. म्हणजे त्याचा ऋण केला तरी तो स्वतःच. ५ वजा -१२८ म्हणजे १३३, मावत नाही. पण ५ आणि -१२८ असे सह्या वेगळ्या असलेले आकडे दिसले की नियम म्हणतो सगळं ठीक, आणि उत्तर येतं -१२३. उलट -१ वजा -१२८ म्हणजे १२७, अगदी मावतं, आणि तिथे नियम ओरडतो.

हर्णै_बंदर
मग प्रोसेसरच्या आत हे चुकत नाही का? तोही उलटे करून १ मिळवूनच वजा करतो ना?

दापोली_दिवा
करतो, पण दोन टप्प्यांत नाही. उलटे केलेले बिट, म्हणजे 0111 1111, तसेच ॲडरला देतो आणि तो १ सर्वांत उजव्या रकान्यात हातचा म्हणून सोडतो. सगळी एकच बेरीज: ५ आणि १२७ आणि १. साइनच्या रकान्यात हातचा १ शिरला, बाहेर ० गेला, वेगळे, ओव्हरफ्लो. दुसऱ्या उदाहरणात 1111 1111, 0111 1111 आणि १: आत १, बाहेर १, ठीक. आधीच ऋण करून ठेवलं की आत शिरलेला हातचा कुठून आला त्याची माहितीच पुसली जाते.

सुरंगी
सह्यांवरूनच करायचं असेल तर वजाबाकीचा नियम वेगळा मांडावा: मूळ दोन आकड्यांच्या सह्या वेगळ्या, आणि उत्तराची पहिल्याहून वेगळी, तर ओव्हरफ्लो. आकडा ऋण करण्याच्या भानगडीत पडायचंच नाही.

खाडीपलीकडे
मला एक वेगळंच खुपतंय. प्रत्येक पावलाला ओव्हरफ्लो तपासून थांबायचं कशाला? काजवाच्या -१५८ मध्ये, म्हणजे चुकीच्या ९८ मध्ये, आता ६० मिळवा. ९८ आणि ६० मिळून १५८, म्हणजे -९८. खरं उत्तरही -९८ च! वाटेत सांधा दोनदा ओलांडला, एकदा जाताना आणि एकदा येताना. शेवटची बेरीज मावत असेल तर मधले ओव्हरफ्लो बिनधास्त जाऊ द्यावेत.

चिरेबंदी
गणित बरोबर, पण दोन अटींवर. एक, मध्ये कुठेही भागाकार, तुलना किंवा उजवीकडे शिफ्ट नको. दोन, मध्ये कुणी आकडा -१२८ वर अडवून धरलेला नको. अडवला तर -१२८ आणि ६० मिळून -६८, जे कशाचंच उत्तर नाही.

शिवाय सी मध्ये हे `int` वर केलंत तर पाया नाही. सही असलेल्या `int` च्या बेरजेत ओव्हरफ्लो झाला तर भाषा काहीच हमी देत नाही. सी२३ ने टूज कॉम्प्लिमेंट सक्तीचं केलं, तरी ही गोष्ट तशीच राहिली. म्हणून बेरीज करून मग `if (a + b < a)` असं तपासणारे फसतात. कंपायलर धरून चालतो की ओव्हरफ्लो होतच नाही, आणि ती ओळ गाळू शकतो. काजवाच्या कोडमध्ये `int8_t` आधी `int` होऊन मिळवले जातात आणि साठवताना वरचे बिट कापले जातात, म्हणून तिथे निदान जीसीसीवर उत्तर ठरलेलं येतं. गोल फिरवायचंच असेल तर बिनसहीचे प्रकार घ्यावेत.

खाडीपलीकडे
बिनसहीचे घ्यायला हरकत नाही. पण अलार्मच्या बोर्डावर आकडा अडवून धरणं मला तरी पटत नाही, खोटा का होईना, पटण्यासारखा आकडा दिसतो.

चिरेबंदी
आणि मला ३१ पटत नाही. -१२८ वर अडवला असता तर डिस्प्लेवर -३२ राहिले असते आणि कुणी धावलं नसतं.

खाडीपलीकडे
धावलं नसतं, आणि फ्रीझर -३९ वर आहे हे कधी कळलंही नसतं.

देवगड_डिप्लोमा
चार रीडिंगना किती बिट पुरतील हे आधी काढता येतं का?

दापोली_दिवा
येतं. वाईटात वाईट चार वेळा -१२८, म्हणजे -५१२. दहा बिटांत -५१२ ते ५११ मावतात, तेव्हा दोन बिट जास्त लागतात. आठ रीडिंगना तीन, सोळांना चार. दहा बिटांचं रजिस्टर बाजारात मिळत नाही म्हणून `int16_t`.

एक छोटी गोष्ट जाता जाता. `int16_t` केल्यावर `sum / 4` च्या जागी `sum >> 2` लिहू नका. -१५८ ला ४ ने भागलं तर -३९.५, आणि `/` शून्याकडे सरकून -३९ देतो. शिफ्ट मात्र जीसीसीवर खाली सरकून -४० देतो. धन आकड्यांवर दोन्ही सारखेच, म्हणून टेबलावर हा फरक दिसणार नाही.

काजवा
`int16_t` केलं, काल रात्रीपासून -३९ नीट दिसतंय. ऋण करून वजा करण्याची चूक अलार्मच्या तुलनेत मी केलेलीच होती, तीही काढली.

पण एक राहिलंच. रात्रीत दोनदा क्षणभर -८ दिसलं आणि परत -३९. `V` ची तपासणी मुद्दाम ठेवली होती, तिने काही पकडलं नाही. अजून कुठे ओव्हरफ्लो होतोय का?

सुरंगी
सोळा बिटांत या आकड्यांचा ओव्हरफ्लो होणं शक्य नाही. तीन रीडिंग -३८, -३९, -४० आणि चौथं ८५ धरून बघा: -११७ आणि ८५ मिळून -३२, भागिले ४, -८. वीज आल्यावर पहिलं माप पूर्ण होईपर्यंत DS18B20 च्या रजिस्टरमध्ये ८५ असतात. तसं असेल तर बेरीज बरोबरच आहे, सेन्सरची वीज क्षणभर जातेय. चारही कच्ची रीडिंग साठवून ठेवा आणि पुढच्या -८ ला काय होती ते इथे टाका.

चिरेबंदी
फ्रीझरच्या दारातून जाणारी वायर आणि तिचा जोडही बघा. पण ८५ हा अंदाजच आहे, आधी कच्चे आकडे येऊ देत.

कुडाळचो_बाबल
आणि तो बैल?